‘पातव्यम्’ म्हणजे ‘पिईल’ नव्हे

सीमाभागातील मराठी मंडळांच्या संस्कृत वर्गांतून आणि स्तोत्र-नीतीच्या छोट्या पुस्तिकांतून सध्या एक अनुवादपद्धती बोकाळली आहे. मूळ श्लोकात ‘कर्तव्यम्’ असले की खाली मराठीत ‘केले जाईल’ छापायचे आणि ‘त्याज्यः’ असले की ‘टाकला जाईल’ छापायचे. विचारणा केली तर उत्तर ठरलेले असते: हे भविष्यकालीन कर्मणि रूप आहे, तसे व्याकरणातच लिहिले आहे. हे उत्तर चुकीचे आहे. ते ज्या भाषेत दिले जाते तीच भाषा त्याचे खंडन करते, हे त्याहून क्लेशदायक आहे.

एखाद्याच्या पुस्तिकेतील ओळ घेऊन तिला झोडपण्यापेक्षा उपदेशपर श्लोकांच्या धाटणीचा एक अनुष्टुभ मीच रचून पुढे ठेवतो. काव्य म्हणून त्यात काही नाही. तो केवळ तपासण्यासाठी आहे.

प्रातरुत्थाय पातव्यं जलं कोष्णं न शीतलम् ।
गुरूणां वन्दनं कार्यं पठितव्या च संहिता ॥

प्रचलित पद्धतीने याचा अर्थ असा होईल: ‘सकाळी उठून तो कोमट पाणी पिईल, थंड पिणार नाही, गुरूंना वंदन करील आणि संहिता पठण करील.’ यातला ‘तो’ कोण? श्लोकात ‘तो’ कुठेही नाही. ईलाख्यात रूप वापरले की मराठीला कर्ता हवाच असतो, म्हणून अनुवादकाने पदरचा माणूस आणून बसवला. मुळात नसलेला कर्ता अनुवादात अवतरला की कृत्य-प्रत्ययाचा भविष्यकाळ झाला आहे असे खुशाल समजावे. दुसरी खूण नकाराची आहे. ‘न शीतलम्’ हा निषेध आहे, थंड पाणी पिऊ नये असा. ‘थंड पिणार नाही’ म्हटले की निषेधाचे भाकीत होते. आणि ज्याला आज्ञा केली आहे असा कोणी उरतच नाही.

आता तोच श्लोक साध्या मराठीत वाचा. सकाळी उठून कोमट पाणी प्यावे, थंड पिऊ नये. गुरूंना वंदन करावे आणि संहिता पठण करावी. कर्ता आणावा लागला नाही, कारण मुळाप्रमाणेच येथेही तो अध्याहृत राहू शकतो. पाणी नपुंसकलिंगी म्हणून ‘प्यावे’, संहिता स्त्रीलिंगी म्हणून ‘करावी’. संस्कृतातही ‘पातव्यं जलम्’ आणि ‘पठितव्या संहिता’. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाने चालते आहे. कर्ता सांगायचाच झाला तर संस्कृतात ‘तेन’ येतो आणि मराठीत ‘त्याने’. कर्म नसलेल्या धातूंतही जोड तुटत नाही: ‘तैः गन्तव्यम्’, ‘त्यांनी जावे’. कर्ते अनेक असूनही दोन्हीकडे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते.

हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत ‘-तव्य’ प्राकृतात ‘-अव्व’ झाला आणि त्याचाच वंशज आपले ‘करावे’ आहे. मराठी व्याकरणात त्याला वाख्यात म्हणतात आणि त्याचा अर्थ विध्यर्थ सांगतात. ‘करायला’ हे रोजचे रूपदेखील ‘करावयाला’चे झिजलेले रूप आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना शेजारच्या गुजरातीतील ‘करवुं’ ठाऊक आहे. तेही याच घराण्यातले, मात्र तेथे ते धातूचे साधे नाम म्हणूनही स्थिरावले. पूर्वेकडे या प्रत्ययाचे वळण बदलले. बंगालीतील ‘करब’ आणि अवधीतील ‘-ब’ची रूपे खरोखरच भविष्यकाळाची झाली. म्हणजे ‘-तव्य’ भविष्याकडे जाऊ शकतो हे भाषेतिहासात सिद्ध आहे, पण ते बंगालीत आणि अवधीत. मराठीने मूळचा विधी जपून ठेवला. तो ज्याच्या तोंडी जन्मापासून आहे त्याने संस्कृत शिकताना ‘केले जाईल’ म्हणावे, याला काय म्हणावे?

मग हा भविष्यकाळ आला कुठून? पाणिनीकडून नाही. त्याने सामान्य भविष्यासाठी लृट् वेगळा सांगितला आणि कृत्य-प्रत्ययांचे अर्थ तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात निराळे नोंदवले: आज्ञा, अनुमती, एखाद्या कृत्याची वेळ येऊन ठेपणे, योग्यता, आवश्यकता, ऋण. मीमांसकही विधी सांगणाऱ्या प्रत्ययांत लिङ् आणि लोट् यांच्याबरोबर तव्याची गणना करतात. महाराष्ट्रातील शालेय संस्कृतात या रूपाचे नावच ‘कर्मणि विध्यर्थ धातुसाधित विशेषण’ असे आहे. ‘भविष्यकालीन कर्मणि’ हे नाव युरोपीय व्याकरणकारांचे. व्हिटनीच्या १८७९ च्या व्याकरणातही ते आढळते, पण अर्थ सांगताना तोही आवश्यकता आणि योग्यताच सांगतो. आपल्याकडच्यांनी नाव उचलले, स्पष्टीकरण सोडले. दुसरा मार्ग इंग्रजी भाषांतरांचा. धर्मशास्त्राच्या जुन्या इंग्रजी अनुवादांत विधीसाठी ‘शॅल’ येतो. तो ‘शॅल’ आज्ञेचा आहे हे न ओळखता त्याचे ‘-ईल’ केले की झाले. जेथे मुलांना संस्कृत मराठीतून शिकायला मिळत नाही, तेथे मराठी अर्थ इंग्रजीवरून उतरवला जातो, आणि मूळ श्लोक समोर असूनही त्याच्याशी पडताळला जात नाही.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. कायद्याच्या मराठीत ‘राज्यपाल नियुक्ती करील’ असे लिहितात आणि तेथे ‘करील’चा अर्थ ‘केलीच पाहिजे’ असाच असतो. मग श्लोकात काय बिघडले? अधिनियमात हा संकेत मसुदा लिहिणाऱ्यांनी ठरवून घेतला आहे आणि तो वाचणाऱ्यांना तो ठाऊक असतो. शिवाय तेथे कर्ता नामनिर्देशाने समोर उभा असतो. पथ्याचा किंवा नीतीचा श्लोक वाचणाऱ्या गृहिणीच्या वा विद्यार्थ्याच्या मनात असला संकेत नसतो. तिथे ‘पिईल’ म्हणजे पिईल.

दुसरा आधार दिला जातो तो ‘भवितव्य’ या शब्दाचा. मराठीत त्याचा अर्थ पुढे घडणारे असा रूढ आहे हे खरे. पण त्यातही जे चुकवता येत नाही, घडलेच पाहिजे, हाच भाव मूळचा आहे. संस्कृतात ‘अत्र चौरेण भवितव्यम्’ म्हटले तर ‘येथे चोर असला पाहिजे’ असा वर्तमानाविषयीचा तर्क होतो. ‘येथे चोर असेल’ ही उद्याची वार्ता नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक कृत्यरूपाला ‘-आवे’ चिकटवावे असा नाही. ‘पेय’, ‘प्रेक्षणीय’, ‘भाज्य’ ही रूपे नामासारखी किंवा विशेषणासारखी आली की योग्यता वा शक्यता सांगतात. वाक्याचे विधेय होऊन ती उपदेशात आली की विधी उभा राहतो. आणि वरच्या श्लोकात एक खरी अडचण आहेच, जी भविष्यवाद्यांच्या कधी लक्षात येत नाही. कृत्यरूपाबरोबर कर्ता तृतीयेप्रमाणे षष्ठीतही येऊ शकतो, अशी पाणिनीने मुभा दिली आहे. तेव्हा ‘गुरूणां वन्दनं कार्यम्’चा अर्थ ‘गुरूंनी वंदन करावे’ असाही व्याकरणशुद्ध होतो! निवाडा संदर्भाने करायचा: संहिता पढणारा शिष्य आहे, म्हणून गुरू हे वंदनाचे कर्म. कष्ट घ्यायचे तर या षष्ठीपाशी घ्यावेत. ‘कार्यम्’पाशी मराठी माणसाने अडखळण्याचे कारण नाही.

अशा पुस्तिकांच्या पुढील आवृत्त्या निघणार आहेतच. संपादकांनी प्रत्येक ‘-तव्य’, ‘-अनीय’ आणि ‘-य’ रूपाखाली बोट ठेवून पाहावे. मराठीत कर्ता उगवला असेल तर तो खोडावा, ‘जाईल’ काढून ‘जावे’ घालावे, आणि नकार असेल तेथे ‘नये’ लिहावे.