एका फ्रेमची उधारी

गेल्या महिन्यात मी साडेचार हजारांचा माऊस कार्टमध्ये टाकून ठेवला होता. कारण सरळ होतं. शुक्रवारी रात्री आमची गँग शूटर गेम खेळायला बसते आणि मी सलग तीन शुक्रवार सगळ्यात आधी आडवी होत होते. माऊस फिरवला की बंदूक आळसावल्यासारखी किंचित मागून यायची. ऑर्डर देणार इतक्यात चुलतभाऊ टपकला. दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, ‘‘ताई, माऊस ठीक आहे गं. तू फ्रेम्स अडवल्यास कुठे?’’

अडवल्या होत्या खऱ्या. ऐन उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्डचा पंखा मिक्सरसारखा ओरडत होता, म्हणून मी रिव्हाट्यूनर (स्क्रीनवर RTSS) टाकून सेकंदाला ६० फ्रेम्सची मर्यादा घातली होती. पंखा शांत झाला, मीही शांत झाले. पण मर्यादा घालायच्या तीन जागा असतात आणि त्या सारख्या नसतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

भावाने चहाच्या टपरीवर नेऊन समजावलं. गेमच्या आतला लिमिटर म्हणजे आधी थांबून, मग ‘कडक की साधा?’ विचारून लगेच चहा टाकणारा. तुमच्या माऊसची हालचाल तो थांबल्यानंतर वाचतो, म्हणून फ्रेम ताजी असते. पण प्रत्येक चहा उकळायला कमीजास्त वेळ लागतो, त्यामुळे ग्लास थोडे मागेपुढे हातात येतात. रिव्हाट्यूनरसारखा बाहेरचा लिमिटर म्हणजे चहा तयार करून काउंटरवर ठेवायचा आणि घड्याळ बघून सोडायचा. ग्लास अगदी ठोक्यावर येतो, पण तुमची फर्माईश तोवर जुनी झालेली असते. ड्रायव्हरचा लिमिटर वागायला या बाहेरच्याचाच भाऊ. एनव्हिडियाने जानेवारी २०२० मध्ये तो Max Frame Rate नावाने कंट्रोल पॅनेलमध्ये दिला. वेगळं सॉफ्टवेअर नको असेल तर हा सोयीचा.

ही उधारी साधारण एका फ्रेमपर्यंतची. आता गंमत बघा. ६० च्या मर्यादेत एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे बाहेरून अडवल्यामुळे माझा माऊस जवळपास तेवढा मागे पडू शकत होता. शूटरमध्ये हे हाताला कळतं.

मग मी रिव्हाट्यूनरची मर्यादा काढली आणि गेमच्या सेटिंगमध्ये ६० घातले. हात लगेच हलका झाला. पण कडेने चालताना भिंती बारीक हिसके देऊ लागल्या. कोपऱ्यातला आकडा तर ६० च दाखवत होता! भावाने फ्रेमटाइमचा ग्राफ उघडला. सपाट रेघेऐवजी करवतीचे दात. एक फ्रेम १२ मिलिसेकंदांनी, पुढची २१ नी. सरासरी ६० च्या आसपासच, पण डोळ्याला सरासरी दिसत नाही, अंतर दिसतं. रिव्हाट्यूनर परत लावला की तीच रेघ इस्त्री केल्यासारखी.

म्हणजे हात की डोळा, एकच निवडायचं? तर नाही. भावाने मर्यादाच वर नेली. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेणारा. अशा स्क्रीनवर मर्यादा तीनेक फ्रेम्स खाली ठेवतात, म्हणून १४१. आता फ्रेम झाली ७.१ मिलिसेकंदांची, म्हणजे बाहेरच्या लिमिटरची उधारीही तेवढीच. निम्म्याहून कमी! पंखा पुन्हा थोडा बोलू लागला, पण चालतंय.

माझी वाटणी आता अशी आहे. शूटरला गेमच्या आतला लिमिटर. काउंटर-स्ट्राइकमध्ये तो कन्सोलवर असा लिहितात:

```
fps_max 141
```

ग्राफ फारच दातेरी दिसला तरच बाहेरचा, तोही १४१ वर. रविवारी निवांत खेळायच्या गोष्टीवाल्या गेमला रिव्हाट्यूनर आणि ६०. तिथे घाई कोणाला आहे?

दोन चुका मात्र टाळा. दोन लिमिटर एकाच आकड्यावर लावू नका, एकमेकांच्या ठोक्यात पाय घालतात. आणि कार्डाला झेपेल त्याच्या खालीच मर्यादा ठेवा. १४१ मागितले आणि कार्ड १०० वरच धापा टाकत असेल, तर लिमिटर कामालाच लागत नाही. कार्डापुढे फ्रेम्सची रांग लागते आणि माऊस पुन्हा जड होतो. तेव्हा आधी ग्राफिक्स उतरवा किंवा मर्यादा ९० वर आणा.

माऊस कार्टमधून काढला. गेल्या शुक्रवारी मी आडवी झालेच, पण दुसऱ्या नंबरवर. साडेचार हजार वाचले, त्यातले दोनशे चुलतभावाच्या चहा-क्रीमरोलवर गेले. सौदा वाईट नाही.