क्रीमचं नाव, औषधाचा आव

विको टर्मरिकची पिवळी ट्यूब आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेली असते. जाहिरातीची चाल आजही आई-बाबांना पाठ असते. त्या जाहिरातीत एक गोष्ट ठासून सांगितली जायची: हे कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक आहे. आपल्याला ती यमक जुळवायची हौस वाटते. प्रत्यक्षात त्या एका वाक्यावर कंपनी आणि अबकारी खातं यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली.

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही मराठी कंपनी. ‘विको’ म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावातली आद्याक्षरं. अबकारी खात्याचं म्हणणं होतं, की तुमची दंतमंजनं आणि हळदीचं क्रीम ही सौंदर्यप्रसाधनं आहेत, त्यामुळे कर जास्त भरा. कंपनी म्हणत होती, आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, घटक ग्रंथांतले आहेत, म्हणजे हे औषधच. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५च्या आसपास कंपनी जिंकली.

पण त्याच न्यायालयाने नव्वदच्या दशकात बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबद्दल उलटा निकाल दिला होता. तिथे कसोटी लावली गेली ती साध्या गिऱ्हाईकाची. दुकानात जाणारा माणूस ही वस्तू काय समजून मागतो? औषध साधारणपणे आजारापुरतं, ठरावीक दिवस घेतलं जातं. जे रोज सकाळी सगळं घर वापरतं, ते लोकांच्या लेखी मंजन. घटक आयुर्वेदिक असले म्हणून वस्तू आपोआप औषध होत नाही.

आता हे सगळं मलकापूरला आणू या. समजा, शाहूवाडी तालुक्यातल्या दोन-तीन मैत्रिणींनी शिक्षण संपवून हळद, चंदन, कोरफड घातलेलं क्रीम, फेसपॅक आणि तेल अशी छोटी रेंज काढायची ठरवली. (उदाहरण कल्पित आहे, पण असं काहीतरी सुरू करणारं कुणीतरी तुमच्या वर्गात असेलच.) पहिली मीटिंग हमखास नावावर होते. आणि तिथेच पहिली चूक होण्याची शक्यता असते, कारण नाव ठरवताना आपण लोगोचा विचार करतो, परवान्याचा नाही.

औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० दोन गोष्टींमध्ये फरक करतो तो हेतूवरून. शरीर स्वच्छ करणं, सुंदर दिसणं, रूप बदलणं यासाठी अंगाला लावायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठीची वस्तू म्हणजे औषध, मग ती फक्त बाहेरून लावायची का असेना. डबीतला माल तोच, पण तुम्ही तो कशासाठी म्हणून विकता यावर त्याची जात ठरते. आणि ‘कशासाठी’ हे सगळ्यात आधी कोण सांगतं? नाव!

त्यात मधली एक वाटही आहे, जी फार कमी जणांना माहीत असते. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत २०१०पासून ‘सौंदर्यप्रसाधक’ असा वेगळा वर्ग आहे. त्वचा, केस, तोंड यांच्या निगेसाठीची आयुर्वेदिक उत्पादनं त्यात बसतात. म्हणजे कुणी साध्या कॉस्मेटिकच्या परवान्यावर ‘हर्बल’ क्रीम विकतं, तर कुणी आयुर्वेदिकच्या परवान्यावर. शेल्फवर दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हींवर तुळशीचं पान. ‘हर्बल’ या शब्दाची तर १९४०च्या कायद्यात व्याख्याच नाही. तो कुणीही छापतो.

आपल्या मैत्रिणींच्या यादीत पहिलं नाव आहे असं धरू: ‘पिंपलनिल’. ऐकायला भारी, रील्सवर चालेल. पण मुरूम ही त्वचेची तक्रार आहे, डॉक्टर तिच्यावर उपचार करतात आणि ‘निल’ म्हणजे ती संपणार हे वचन. कॉस्मेटिकच्या परवान्यावर हे नाव टाकलं तर तुम्ही परवाना नसलेलं औषध विकताय, असं कुणी म्हटलं तर उत्तर देणं कठीण. आयुर्वेदिक परवाना असला तरी ग्रंथाचा आधार किंवा पुरावा द्यावा लागेल, नाहीतर लेबलवर खोटा वा दिशाभूल करणारा मजकूर म्हणून तो माल ‘मिसब्रँडेड’ ठरू शकतो. कोड घालवण्याचा नुसता इशाराही नको. कोड हा १९५४च्या चमत्कारी उपाय कायद्याच्या यादीतला आजार आहे, त्याच्या उपचाराची जाहिरात करायलाच बंदी आहे, आणि त्या कायद्यात लेबल आणि वेष्टन हीसुद्धा जाहिरातच धरली जाते. ‘आम्ही कुठे ॲड केली, नुसतं डबीवर लिहिलंय’ ही पळवाट तिथे नाही.

दुसरं नाव ‘वैद्यस्पर्श’. यात आजाराचा उल्लेख नाही, पण कुणा वैद्याने हे तपासून दिलंय असा समज होतो. नावाशेजारी पांढरा कोट, स्टेथोस्कोप किंवा अधिकचं चिन्ह आलं की तो समज पक्का. (लाल क्रॉस तर वापरूच नका, त्या चिन्हाला १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याचं संरक्षण आहे.) वैद्य नसेल तर नावात वैद्य नको, इतकं सोपं आहे हे.

तिसरं ‘केशर ग्लो’. इथे आजार नाही, वैद्यही नाही, मग बिघडलं कुठे? हिशेब करून बघा. क्रीमची डबी ५० ग्रॅमची. त्यात एक टक्का केशर घालायचं तर अर्धा ग्रॅम लागेल. चांगलं केशर ग्रॅमला काहीशे रुपये पडतं, म्हणजे नुसतं केशरच शंभरच्या वर जाऊ शकतं. डबी विकायची १४९ला, त्यातून दुकानदाराचं कमिशन, डबी, कर. साहजिकच केशर नावापुरतं पडणार. कॉस्मेटिकच्या लेबलवर घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने. त्यामुळे डबीच्या पुढे मोठ्या अक्षरात केशर आणि मागे यादीच्या शेपटीला केशर असं दिसलं, तर काय समजायचं ते समजा. आयुर्वेदिक परवान्याच्या मालावर घटकांचं प्रमाणही द्यावं लागतं, तिथे पडताळणं आणखी सोपं.

चौथ्या नावाची मला गंमत वाटते. ‘आंबा घाट हळद क्रीम’. गावाचा अभिमान ठीक, पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक ते ‘आंबा’ फळ म्हणून वाचणार आणि क्रीममध्ये आंबा शोधणार! त्याऐवजी ‘सांगली हळद’ लिहू म्हणाल तर तिला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, दुसरीकडची हळद त्या नावाने खपवता येणार नाही.

मग ठेवायचं तरी काय? इथे खरी कोंडी आहे. ‘हळद क्रीम’ हे सगळ्यात प्रामाणिक नाव, पण ट्रेडमार्क कायदा नुसतं वर्णन करणारं नाव सहसा कुणा एकाला देत नाही. उद्या शेजारचाही तेच ठेवेल. लक्षात राहणारं नाव हवं म्हणून लोक गुणाकडे वळतात, आणि गुण सांगता सांगता दाव्याकडे घसरतात. या कोंडीतून विकोच्या ट्यूबनेच वाट काढलेली दिसते. ‘विको’ हा शब्द त्वचेबद्दल काहीच सांगत नाही आणि ‘टर्मरिक’ फक्त घटक सांगतो. वाद झाला तो औषध की प्रसाधन या वर्गावर, नावावर नाही. आपल्या मैत्रिणींना तसंच काही जमेल. ‘कोवळीक’ हे घराचं नाव धरू, खाली साध्या शब्दांत ‘हळद-चंदन फेस क्रीम’. कोवळीक म्हणजे मऊपणा, तो स्पर्शाचा शब्द आहे, बरं होण्याचा नाही. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग ३ (प्रसाधनं) आणि वर्ग ५ (औषधं) या दोन्हींत शोधायचं, उच्चाराने जवळची नावंही बघायची. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती किंवा लहान उद्योगाला एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणून नावाचा घोळ आधीच मिटवलेला बरा.

एवढं सगळं कुणी का करावं, कारण मोह उलट दिशेचा आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून आयुर्वेदिक औषधांवर जीएसटी ५ टक्के आणि फेस क्रीमवर १८ टक्के. शंभर रुपयांच्या मालावर १३ रुपयांचा फरक. विकोच्या काळातलं करांचं गणित आजही तेच सांगतं: औषध म्हणवून घेणं स्वस्त पडतं. कर विभागापुढे ‘औषध’ आणि कॉलेजच्या पोरींपुढे ‘ग्लो’, असं दोन्हीकडून खाता येतं. माझ्या मते गिऱ्हाईकाची फसगत होण्याचं मूळ इथे जास्त आहे, कॉपीरायटरच्या कल्पकतेत कमी.

नावातल्या एका शब्दाची किंमत मोठ्यांनाही मोजावी लागली आहे. ‘फेअर अँड लव्हली’चं २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, ते वर्णभेदावरच्या टीकेनंतर. इमामीच्या ‘फेअर अँड हँडसम’बद्दल एका ग्राहकाने २०१३ मध्ये तक्रार केली. क्रीम ७९ रुपयांचं. सांगितल्याप्रमाणे वापरूनही गोरेपणा आला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड सुनावला. २०१९च्या ग्राहक कायद्यानुसार केंद्रीय प्राधिकरणही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

पण पैशापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे गेलेला वेळ. अंगावर नायटा आलाय आणि मुलगी ‘शुद्ध वनस्पती’ नावाचं काहीतरी महिनाभर चोळतेय, तोवर तो पसरतो. आणि काही डब्यांत वनस्पती सोडून भलतंच निघतं. अकोल्यात एका घरातल्या तिघींना त्वचेचं क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा त्रास झाला. मुंबईत क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा सापडल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. पारा मुद्दाम घालायला परवानगीच नाही, आणि चुकून आलेला साध्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

म्हणून पुढच्या वेळी डबी उलटी करा. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी. आयुर्वेदिक परवाना असेल तर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द आणि घटकांचं प्रमाण दिसायला हवं. पुढे आजार बरा करण्याची भाषा आणि मागे नुसता कॉस्मेटिकचा परवाना असेल तर पुढचं आणि मागचं जुळत नाहीये. डबी आणि बिल टाकून देऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते, आणि मालाबद्दलच शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी देता येते.