सुरतेचा खरा धडा

नगरपालिकांच्या कारभाराची चर्चा निघाली की सुरतेचे नाव हटकून पुढे येते. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने ज्या शहरातून लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली, तेच शहर पुढे दोन वर्षांच्या आत स्वच्छतेबद्दल देशभर नावाजले गेले. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर त्याने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळविला. हे कशाने साधले, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते: अधिकारांचे विकेंद्रीकरण केले म्हणून. आणि त्याला जोडूनच सल्ला येतो की, आपल्याकडेही सर्व खात्यांत तेच करावे. आमच्या मते हा सल्ला देणाऱ्यांनी सुरतेचा धडा अर्धाच वाचला आहे. विकेंद्रीकरणाने तेथे जे काम झाले, ते विशिष्ट जातीचे काम होते. त्याच शहरात दुसरीही कामे होती, आणि त्यांना हे औषध लागू पडले नाही व पडणारही नव्हते.

प्लेगपूर्वीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पावसाळ्यातील पुराचे पाणी सखल वस्त्यांत साचून राहिले होते, कचरा उचलला जात नव्हता, मेलेली जनावरे रस्त्यांवर पडून होती. साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. सफाई, आरोग्य, बांधकाम आणि जलनिस्सारण ही कामे पाहणारी खाती तेव्हाही होतीच. परंतु प्रत्येक खात्याची शिडी स्वतंत्रपणे मुख्य कचेरीपर्यंत चढत होती. एखाद्या गल्लीतील गटार तुंबले, त्यामुळे कचरा कुजला आणि त्यातून ताप पसरला, तर या एकाच दुखण्याचे तीन तुकडे होऊन ते तीन फायलींत जात. त्या तिन्ही फायली ज्या टेबलावर एकत्र येणार, ते टेबल त्या गल्लीपासून फार दूर होते. हे उंटावरून शेळ्या हाकणे होते.

मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि प्रत्येक विभागावर एक अधिकारी नेमून त्याला प्रशासकीय व आर्थिक अधिकार दिले. विभागातील सफाई, गटारे, रस्ते आणि अतिक्रमणे हे सारे एका हाती आले. अधिकाऱ्यांनी सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर हिंडावे आणि दुपारी आयुक्तांसमवेत बैठकीत बसून सकाळी काय पाहिले ते सांगावे, असा रोजचा क्रम ठरला. या दुसऱ्या अर्ध्याकडे सुरतेचे गोडवे गाणाऱ्यांचे लक्ष जात नाही. अधिकार खाली गेले हे खरे; परंतु त्याच वेळी रोजच्या बैठकीने सहाही विभाग एकमेकांशी घट्ट बांधले गेले. सोडणे आणि बांधणे ही दोन्ही कामे एकदम झाली.

असे का साधावे, याची मीमांसा संघटनाशास्त्राने पूर्वीच करून ठेवली आहे. १९६१ मध्ये बर्न्स आणि स्टॉकर या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधील कारखाने पाहून असे मांडले की, जेथे काम ठरीव आहे तेथे नियम, श्रेणी आणि लेखी हुकूम यांवर चालणारी यंत्रासारखी रचना चांगली चालते. जेथे परिस्थिती सतत पालटते तेथे तीच रचना अडून बसते, आणि माणसांनी आपापसांत बोलून मार्ग काढणारी सैल रचना लागते. पुढे १९६७ मध्ये हार्वर्डच्या लॉरेन्स आणि लॉर्श यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकाच संस्थेतील निरनिराळ्या खात्यांपुढील परिस्थितीही निरनिराळी असते, म्हणून त्यांच्या रचना भिन्न असाव्यात. मात्र जितके भिन्नत्व अधिक, तितकी त्यांना जोडणारी व्यवस्थाही मजबूत हवी, असे त्यांना आढळले. पहिला भाग परिस्थितिसापेक्ष विचाराचा. दुसरा भाग ज्याला व्यवस्था-दृष्टी म्हणतात तिचा: संस्था ही सुट्या खात्यांची गोळाबेरीज नसून एकमेकांवर आणि बाहेरच्या जगावर अवलंबून असलेला एक देह आहे, ही ती दृष्टी.

आता हाच मापदंड सुरतेच्या निरनिराळ्या कामांना लावून पाहू. रस्ता झाडणे हे ठरीव काम आहे. रस्त्याची लांबी मोजता येते, माणशी किती झाडता येईल हे ठरविता येते, हजेरी घेता येते. येथे नेमून दिलेला पट्टा, ठरलेली वेळ आणि रोजची तपासणी हेच उपयोगी. झाडूवाल्याच्या कल्पकतेवर काम सोडण्याचे कारण नाही. तापाच्या साथीवर नजर ठेवण्याचे काम मात्र अगदी उलटे आहे. साथ कोठे उगवेल हे कोणताही नियम सांगत नाही. तेथे दवाखान्यांकडून रोज आकडे यावे लागतात, आणि एखाद्या वस्तीत आकडा वाढला तर वरचा हुकूम येण्याची वाट न पाहता आरोग्य अधिकाऱ्याला पथक धाडता आले पाहिजे. दोन्ही कामे एकाच विभागाधिकाऱ्याखाली असली, तरी एकात शिस्त घट्ट हवी आणि दुसऱ्यात हात मोकळा हवा.

जकातीचे उदाहरण याहून बोलके आहे. गुजरातेतील महापालिकांची जकात २००७ मध्ये रद्द झाली. त्यापूर्वी सुरतेच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार होता. नाक्यावर माल कोणता आणि दर कोणता, एवढाच प्रश्न असे. अशा ठिकाणी निरीक्षकाला 'परिस्थिती पाहून निर्णय घ्या' असे सांगणे म्हणजे त्याला दुकान थाटून देणे होय. दर छापील हवेत, पावती क्रमांकाची हवी, तपासणी वरून आणि अवचित हवी. सफाईला ज्या मोकळिकीने प्राण दिला, तीच मोकळीक नाक्यावर विष ठरली असती.

तिसरी गोष्ट तापीच्या पुराची. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. विभागांची रचना तेव्हाही होती. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्यास ती उपयोगी पडण्याजोगीच होती, कारण ते काम वस्तीवार वाटता येते. परंतु पाणी येण्यापूर्वी कोणताही विभागाधिकारी काय करू शकत होता? धरण शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर वर; त्यावर ताबा राज्याच्या पाटबंधारे यंत्रणेचा; आणि त्यात येणारे पाणी बहुतांशी मध्य प्रदेश व महाराष्ट्रात पडलेल्या पावसाचे. शिवाय या धरणाला दोन धनी आहेत. सिंचन आणि वीज यांना पावसाळ्याअखेर ते काठोकाठ भरलेले हवे. पूरनियंत्रणाला त्यात जागा रिकामी हवी. ऑगस्टच्या आरंभी पातळी किती ठेवावी, हा निर्णय म्हणजे या दोन गरजांमधला सौदा असतो. तो सौदा चुकला की त्याची किंमत तिसरीच संस्था, म्हणजे महापालिका आणि तिचे नागरिक, मोजतात.

येथे अधिकार आणखी खाली देऊन काहीही साधले नसते. उणीव होती ती तीन राज्ये, एक धरण आणि एक शहर यांना जोडणाऱ्या सांध्याची. पुढील काळात वरच्या खोऱ्यातील पाऊस, धरणात येणारे पाणी आणि शहरात कोठवर पाणी चढेल याचा अंदाज या तिन्ही गोष्टी एका साखळीत आणणारी पूर्वसूचना यंत्रणा उभारण्यात आली. तीच या रोगावरची योग्य दिशा होती. पुराच्या घटकेला विभागवार मतभेद परवडत नाहीत. तेथे माहिती एका ठिकाणी यावी, हुकूम एका ठिकाणाहून सुटावा आणि तो प्रत्येकाला आधीपासून पाठ असावा.

मग एखाद्या खात्याची रचना त्याच्या कामाला जुळत नाही, हे ओळखावे कसे? आमच्या मते तीन खुणा पुरेशा आहेत. ज्या कचेरीत दोन नागरिकांच्या सारख्याच अर्जांना दोन निराळी उत्तरे मिळतात, तेथे मोकळीक जास्त झाली आहे. ज्या कचेरीत किरकोळ बाबही वर पाठवावी लागते आणि काम उरकण्यासाठी प्रामाणिक माणसालाच नियम मोडावा लागतो, तेथे बंधन जास्त झाले आहे. आणि जेथे दोन्ही खात्यांचे अहवाल अगदी बिनचूक असून काम मात्र झालेले नसते, तेथे दोष कोणत्याच खात्यात नसून त्यांच्या मधल्या सांध्यात असतो. ही तिसरी खूण सर्वांत दुर्लक्षिली जाते, कारण सांध्याला ना कचेरी असते ना खातेप्रमुख.

या विचारालाही मर्यादा आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'आमची परिस्थिती वेगळी' हे वाक्य कामचुकारपणाचे सोवळे म्हणूनही नेसता येते. म्हणून वेगळी रचना मागणाऱ्या खात्याने आपले काम किती अनिश्चित आहे हे आधी दाखवून दिले पाहिजे; खातेप्रमुखाची सोय ही परिस्थिती नव्हे. दुसरे असे की, हे सिद्धान्त मुख्यतः कारखाने पाहून बनले. कारखान्याला गिऱ्हाइकागणिक वागणूक बदलता येते, सरकारला नाही. जन्माचा दाखला कोणालाही सारख्याच नियमाने मिळाला पाहिजे. रचना लवचिक असावी. नागरिकाचा हक्क लवचिक असता कामा नये.

आपल्या किनारपट्टीला हा विचार परका नाही. तिळारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात आहे, आणि त्यातून सोडलेले पाणी शापोरा नदीने पेडण्याकडे येते. धरण एका राज्यात आणि काठ दुसऱ्या राज्यात, ही उकाईचीच लहान आवृत्ती आहे. पेडण्याच्या मामलेदाराला कितीही अधिकार दिले, तरी पाणी सुटणार ही वार्ता त्याला वेळेवर मिळाली नाही तर ते अधिकार कागदावरच राहतील. उलट आपल्या पालिकांतील कचरा उचलण्याचे काम आजही प्रत्येक लहान खर्चासाठी वरच्या सहीची वाट पाहत असेल, तर तेथे सुरतेचे सहा विभाग जरूर आठवावेत. सुरतेकडून उचलायचा तो हा विवेक. तेथील तक्ता जसाच्या तसा आणून प्रत्येक खात्याच्या भिंतीवर टांगणाऱ्याच्या हाती केवळ तक्ताच लागेल.