दर दुसऱ्या मंगळवारी म्हणजे नेमकं कधी?

दारव्हा तालुक्यातल्या एका बचत गटाला मी बैठकांचं कॅलेंडर करून दिलं होतं. बैठक दर दुसऱ्या मंगळवारी. मी लूप लावला, दोन वर्षांचे ५२ मंगळवार टेबलात ओतले आणि मोकळा झालो. पुढे गटाने मंगळवार सोडून गुरुवार धरला. कोणीतरी गुरुवारच्या ओळी घातल्या, मंगळवारच्या काही पुसल्या, काही राहिल्या. त्या राहिलेल्यांपैकी एका मंगळवारी एक बाई कापूस वेचणीची मजुरी बुडवून आल्या आणि बंद दारासमोर बसून परत गेल्या. चूक माझी होती.

तरी आजही जो तो हेच करतो. "तारखा भरून टाक, क्वेरी सोपी होते!" अहो, क्वेरी सोपी होते, पण गटाने जे ठरवलं ते कुठेच साठत नाही. गटाने ५२ तारखा ठरवल्या नव्हत्या, एक नियम ठरवला होता. तोच साठवा.

तोही नीट विचारून घ्या. "दर दुसऱ्या मंगळवारी" म्हणजे एक आड एक मंगळवार, की महिन्याचा दुसरा मंगळवार? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. कॅलेंडरच्या प्रमाणित भाषेत मात्र हे दोन वेगळे नियम आहेत:

```
FREQ=WEEKLY;INTERVAL=2;BYDAY=TU
FREQ=MONTHLY;BYDAY=2TU
```

पहिल्या नियमाला सुरुवातीची तारीख लागतेच, नाहीतर कुठला मंगळवार घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे कळणार कसं? काही हुशार लोक त्याऐवजी आठवड्याचा क्रमांक सम की विषम ते बघतात. समजा ६ जानेवारी २०२६ ला सुरुवात केली. तो दुसरा आठवडा, म्हणून 'सम आठवडे'. वर्षभर सगळं ठीक चालतं. पण २०२६ ला ५३ आठवडे आहेत! २२ डिसेंबरनंतरची बैठक ५ जानेवारी २०२७ ला हवी, पण तो पहिला आठवडा, म्हणजे विषम. प्रोग्राम थेट १२ जानेवारी दाखवतो. तीन आठवड्यांचं अंतर, आणि चूक दिसते ती वर्षाने.

खरं तर गणित साधं आहे. एप्रिल २०२६ चं पान उघडलं की ६ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंतचे दिवस मोजा: ८५. त्याला १४ ने भागा, बाकी १. चौदातले १३ दिवस उरले, ते १ एप्रिलमध्ये मिळवा: १४ एप्रिल. पुढची २८. पानापुरतंच उलगडायचं, पान मिटलं की विसरायचं.

"आणि सुट्टी आली तर?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्याकडचा लोकशाही दिन बघा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आणि सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. १ मे २०२३ सोमवार होता आणि २ ऑक्टोबर २०२३ सुद्धा. एकाच वर्षात दोनदा नियमानेच मंगळवार येतो. वरच्या भाषेत 'सुट्टी असेल तर' लिहायची सोय नाही. आणि सुट्ट्यांची सरकारी यादी दरवर्षी नव्याने निघते, मग दहा वर्षांच्या तारखा आधीच भरणार कशा?

म्हणून दुसरं टेबल हवं, अपवादांचं. त्यात मूळ तारीख, नवी तारीख किंवा 'रद्द'. मूळ तारीख हीच त्या बैठकीची ओळख. ती नसेल तर बैठक नव्या दिवशीही दिसेल आणि जुन्याही.

इथेही एक खड्डा आहे. समजा ३१ मार्चची बैठक गावातल्या लग्नामुळे १ एप्रिलला ढकलली. मार्चच्या पानावरून ती निघाली. एप्रिलचं पान नियम फक्त एप्रिलपुरता उलगडतं, त्यात ३१ मार्च येतच नाही, मग तिचा अपवाद तरी कोण बघणार? बैठक दोन्ही पानांवरून गायब! उपाय एवढाच, की ज्यांची नवी तारीख या पानात पडते तेही अपवाद वेगळे शोधून आणायचे.

आणि वार बदलला तर जुना नियम खोडायचा नाही. त्याला शेवटची तारीख द्यायची आणि नवा नियम तिथून सुरू करायचा. नाहीतर गेल्या वर्षीची हजेरी भलत्याच वारांवर जाऊन बसते.

भरलेल्या तारखांचा उपयोग नाही असं नाही. एकच सभागृह दोन गटांना दिलंय का हे तपासायला त्या सोयीच्या पडतात. पण ती नियमाची नक्कल, नियम बदलला की फेकून नव्याने करायची. नकलेलाच अस्सल मानलं, तिथे माझं चुकलं.

असो. तो प्रोग्राम मी नंतर बदलून दिला. पण त्या बाईंची त्या दिवसाची मजुरी काही परत आली नाही.