करार वारशाने मिळतो का? हॉब्ज, लॉक, रूसो आणि गाईडमध्ये नसलेला रकाना

प्रश्न : सामाजिक कराराविषयी हॉब्ज, लॉक व रूसो यांच्या विचारांची तुलना करा.

राज्यशास्त्राची परीक्षा असो की स्पर्धा परीक्षा, हा प्रश्न फिरून फिरून येतोच. त्याचे उत्तरही ठरलेले असते. चार रकाने आखायचे : मानवी स्वभाव, निसर्गावस्था, कराराचे स्वरूप, सार्वभौम सत्ता. हॉब्जपुढे 'निराशावादी, राजेशाहीचा समर्थक' असे लिहायचे, लॉकपुढे 'उदारमतवादी' आणि रूसोपुढे 'लोकशाहीवादी'. रकाने भरले की गुण मिळतात. आम्हीही एम.ए.ला असेच लिहिले आणि पास झालो.

पण या तक्त्यात पाचवा रकाना नाही, आणि तो नसणे हा आमचा आक्षेप आहे. करार करणारा माणूस तर करार करून मोकळा झाला. त्याच्या मुलाचे काय? बापाच्या शब्दाने मुलगा बांधला जातो का? माणूस जन्माला येतानाच कुणाचा तरी बांधील असू शकतो का? ज्यांच्या पूर्वजांची जागा जन्माने ठरवली गेली, त्यांनी हा प्रश्न आधी विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? हा रकाना भरला की तिघांचे नेहमीचे क्रम उलटेपालटे होतात. म्हणून आम्ही याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा लिहीत आहोत.

हॉब्ज : समतेतून निघालेली ताबेदारी

थॉमस हॉब्जचा 'लेव्हायथन' १६५१ साली आला. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले होते, १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला होता. राज्यसत्ता कोसळली की काय होते, हे हॉब्जच्या डोळ्यांपुढे होते. त्याच्या निसर्गावस्थेत प्रत्येकाला प्रत्येकाची भीती असते. त्या भीतीपोटी लोक आपापसात करार करतात आणि आपले अधिकार एका सार्वभौमाला देऊन टाकतात. सार्वभौम स्वतः करारात पक्षकार नसतो, म्हणून त्याने करार मोडला असे प्रजेला म्हणता येत नाही. मात्र जीव वाचवण्याचा हक्क माणसाकडेच राहतो आणि सार्वभौम संरक्षण देऊ शकेनासा झाला की प्रजेचे बंधनही संपते. इथवर गाईड सांगते.

गाईड जे सांगत नाही ते असे. हॉब्ज नाव घेऊन ॲरिस्टॉटलला खोडतो. काही माणसे जन्मतः मालक व काही जन्मतः दास, हे त्याला मान्य नाही. दुबळ्यातला दुबळाही युक्तीने बलवानाला मारू शकतो, म्हणून निसर्गतः सगळे जवळपास सारखे. त्याहून महत्त्वाचा त्याचा पुढचा युक्तिवाद आहे. समजा माणसे निसर्गतः असमान असली, तरी स्वतःला समान समजणारी माणसे समान अटींशिवाय शांततेला तयार होणार नाहीत. म्हणून समता मान्य करावीच लागेल. ज्याला गाईड 'निराशावादी' म्हणून निकालात काढते, तो जन्मजात श्रेष्ठत्वाची अशी मुळावरच कुऱ्हाड घालतो.

मग घोटाळा कुठे होतो? संमतीच्या व्याख्येत. हॉब्जच्या मते भीतीने दिलेली संमतीसुद्धा खरी संमती असते. जिंकणाऱ्याने तलवार गळ्याला लावली आणि हरलेल्याने 'जीव वाचव, तुझी चाकरी करतो' म्हटले, तर तो करार झाला. साखळदंडात बांधून ठेवलेल्या कैद्याचे काही देणे लागत नाही, पण असा शब्द दिलेला चाकर मात्र बांधला गेला. मग त्याची मालमत्ता, त्याचे श्रम आणि त्याची मुलेसुद्धा मालकाच्या ताब्यात जातात. पाळण्यातल्या लेकराने काय कबूल केले, असे विचाराल, तर हॉब्जचे उत्तर तयार आहे : ज्याने जगवले त्याची आज्ञा मानायला ते लेकरू राजी आहे, असे धरून चालायचे. दारातून हाकललेला जन्मसिद्ध दास असा खिडकीतून परत येतो.

लॉक : पुस्तकात एक, मसुद्यात दुसरे

जॉन लॉकचे 'टू ट्रीटायझेस ऑफ गव्हर्नमेंट' १६८८ च्या क्रांतीनंतर, १६८९ च्या अखेरीस छापले गेले. त्याच्या निसर्गावस्थेत नैसर्गिक कायदा आहे, हक्क आहेत. नाही तो फक्त निःपक्षपाती न्यायाधीश. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लोक शासन नेमतात. हे शासन विश्वस्त असते आणि विश्वासघात केल्यास लोक ते बदलू शकतात.

आमच्या पाचव्या रकान्यात लॉक सुरुवातीला पहिला येतो. बाप स्वतःपुरते वचन देऊ शकतो, कोणत्याही कराराने मुलाला बांधू शकत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. मूल कोणत्याही सत्तेचे प्रजाजन म्हणून जन्मत नाही. मोठे झाल्यावर ते स्वतः ठरवते. गुलामगिरी त्याला एकाच ठिकाणी चालते. अन्यायाने युद्ध पुकारून पकडला गेलेला माणूस आपला जीव गमावून बसलेला असतो, म्हणून त्याला दास करता येते. पण त्याच्या मुलांवर जेत्याचा काहीही अधिकार नाही.

आता हाच लॉक कामाच्या टेबलावर पाहा. इंग्लंडच्या राजाने १६६३ मध्ये अमेरिकेतला कॅरोलायना प्रांत आठ सरदारांना बहाल केला. त्यांपैकी अँथनी ॲशली कूपर हा लॉकचा आश्रयदाता. लॉक या मालकमंडळाचा सचिव होता. १६६९ मध्ये या वसाहतीची 'मूलभूत घटना' तयार झाली, तिच्या मसुद्यावर लॉकने काम केले. त्यातली किती कलमे त्याच्या स्वतःच्या डोक्यातून आली यावर अभ्यासकांत वाद आहे; पण मसुदा त्याच्या हाताखालून गेला यावर नाही.

त्या घटनेतली तीन कलमे पाहा. एक, प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता राहील. दोन, गुलामाने कोणताही पंथ स्वीकारला तरी त्याची गुलामी सुटणार नाही. म्हणजे धर्म बदलला तरी पायरी तीच. तीन, 'लीटमेन' नावाचे भूदास जमीनमालकाच्या परवानगीशिवाय त्याची जमीन सोडून जाऊ शकणार नाहीत, आणि लीटमनची मुले लीटमनच राहतील, पिढ्यान् पिढ्या.

पुस्तक म्हणते, बापाचा करार मुलाला बांधत नाही. मसुदा म्हणतो, पिढ्यान् पिढ्या बांधतो. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी इंग्रजांवर कोणते अन्यायी युद्ध लादले होते, याचे उत्तर लॉकच्या युद्धकैद्याच्या नियमातून मिळत नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याने पैसे मात्र गुंतवले होते. ती घटना वसाहतीच्या सभेने कधीच मंजूर केली नाही, म्हणून लीटमनची व्यवस्था कागदावर राहिली. काळ्या माणसांची गुलामी मात्र कागदावर राहिली नाही.

'तो त्याच्या काळाचा माणूस होता' हा बचाव आम्हाला मान्य नाही. काळाच्या पुढचे वाक्य त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याला त्याच्याच वाक्याने मोजायचे आहे.

रूसो : दार बंद केले, पण घर?

झां-झाक रूसोने १७५५ च्या विषमतेवरील निबंधात आधी खोटा करार उघडा पाडला. श्रीमंत माणूस गरिबांना गोळा करतो, सर्वांच्या संरक्षणासाठी कायदे करू म्हणतो, आणि प्रत्यक्षात आपल्या बळकावलेल्या मालमत्तेवर कायद्याचे शिक्कामोर्तब करून घेतो. मग १७६२ च्या 'सोशल कॉन्ट्रॅक्ट'मध्ये तो खरा करार मांडतो : प्रत्येकाने स्वतःला संपूर्ण समाजाच्या स्वाधीन करायचे, अट सर्वांना एकच, आणि सत्ता सामूहिक ईहेची. राजा करारातून बाहेर, लोकच सार्वभौम.

पाचव्या रकान्यात रूसो हॉब्जच्या दोन्ही खिडक्या बंद करतो. बळापुढे वाकणे ही नाइलाजाची गोष्ट आहे, त्यातून कर्तव्य जन्मत नाही. म्हणून तलवारीखालची संमती ही संमतीच नव्हे. आणि समजा एखाद्याने स्वतःला विकले, तरी तो आपली मुले विकू शकत नाही. ती माणूस म्हणून जन्मतात, त्यांचे स्वातंत्र्य त्यांचेच असते.

लॉकने अर्धवट सोडलेली एक गोष्टही तो पकडतो. लॉक म्हणतो, देशाच्या रस्त्यावरून चालणाऱ्यानेही मूक संमती दिली. रूसोही राहण्याला संमती मानतो, पण तळटीपेत अट घालतो : कुटुंब, मालमत्ता, दुसरीकडे आसरा नसणे, गरज किंवा जबरदस्ती यांमुळे माणूस अडकून पडला असेल, तर नुसते राहणे म्हणजे संमती नव्हे. 'पटत नव्हते तर गाव का सोडले नाही?' असे विचारणाऱ्याला द्यायचे उत्तर या तळटीपेत आहे.

पण रूसोलाही सूट नाही. याच पुस्तकाच्या दुसऱ्या एका तळटीपेत तो सांगतो, की त्याच्या जिनिव्हा शहरात माणसांचे चार वर्ग आहेत आणि त्यांपैकी दोघांचेच मिळून प्रजासत्ताक बनते. उरलेल्यांत 'नातीफ' होते : बाहेरून आलेल्यांची, पण जिनिव्हातच जन्मलेली मुले. शहर जन्माचे, हक्क नाहीत. मुलाचे स्वातंत्र्य मुलाचेच असे लिहिणारा माणूस या रचनेची नोंद करतो आणि आक्षेप न घेता पुढे जातो. स्त्रियांना तर त्याने त्याच वर्षीच्या 'एमिल'मध्ये पुरुषासाठी घडवायचे ठरवून टाकले.

निष्कर्ष

आता तक्ता पुन्हा भरा. हॉब्ज जन्मजात श्रेष्ठत्व नाकारतो, पण भीतीला संमती म्हणून मुलांनाही बांधतो. लॉक मुलाला मोकळे करतो, पण कॅरोलायनात ते विसरतो. रूसो सिद्धांतात दार पक्के बंद करतो, पण आपल्या शहराच्या उंबरठ्यावर थांबतो. तिघांच्याही करारात पहिला प्रश्न 'अटी काय' हा नाही. 'सही करायला कुणाला बोलावले' हा आहे, आणि दुसरा, 'न बोलावलेल्याच्या लेकराचे काय' हा.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीला श्रमविभागणी म्हणणाऱ्यांना खोडताना हेच दाखवले, की तिथे माणसाचे काम त्याच्या निवडीने नव्हे, आईबापाच्या सामाजिक दर्जावरून जन्माआधीच ठरलेले असते. करार सिद्धांताच्या भाषेत सांगायचे तर ती कुणीच न केलेल्या सहीची वसुली आहे.

परीक्षेत चार रकाने जरूर लिहा, गुण त्यांनाच आहेत. पण शेवटच्या परिच्छेदात पाचवा रकाना लिहा. परीक्षकाने लाल रेघ मारली तर मारू द्या. कॅरोलायनाचा मसुदा १६६९ चा आहे, तो काही आम्ही लिहिलेला नाही.