राखाडी आणि पांढरी

रात्री एक वाजून बारा मिनिटांनी माधवीच्या समोरच्या पडद्यावरचे चौतीस हिरवे ठिपके एकदम लाल झाले.

गुरुग्रामच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत रात्रपाळीला पाचच माणसे असत. भिंतभर पडदे, थंडगार हवा आणि चहाच्या यंत्राची घरघर. देशभरातल्या मोबाइल टॉवरांवर इथून नजर ठेवायची, हे त्यांचे काम. एखाददुसरा टॉवर रोजच बंद पडतो, त्याने कुणी खुर्चीतून उठत नाही. पण चौतीस, आणि तेही दोन सेकंदांच्या आत!

"वीज गेली असेल," पलीकडच्या टेबलावरचा नवा मुलगा म्हणाला.

"वीज गेली तर असं होत नाही रे," माधवी म्हणाली. "आधी 'वीज नाही' अशी सूचना येते, मग टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटऱ्या एका वयाच्या नसतात, त्यामुळे एक टॉवर दोन तासांनी बसतो, दुसरा चार तासांनी. सगळे एकाच श्वासात गेले, म्हणजे टॉवर जिवंत आहेत. त्यांचा दोर तुटलाय."

तिने यादी उघडली आणि गावाचे नाव वाचून तिचा हात थबकला. रत्नागिरी जिल्ह्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे ते तालुक्याचे गाव. तिचे माहेर.

खरे तर एक दोर तुटून ते गाव मुके व्हायला नको होते. जमिनीखालून जाणारी काचेच्या तंतूंची केबल नेहमी वर्तुळ करून आणतात. गावाला एक हात महामार्गाकडून येतो, दुसरा घाटातून. एक तुटला की बोलणे दुसऱ्या बाजूने वळते, आणि ते इतक्या झटकन की फोनवर बोलणाऱ्याला कळतही नाही. पण ऑगस्टमध्ये घाटात दरड कोसळली होती आणि तो हात तेव्हाच गेला होता. दुरुस्तीसाठी रस्ता खणायची परवानगी कुठल्याशा कचेरीत पडून होती. आता ऑक्टोबर उजाडला होता. अडीच महिने ते गाव एका हातावर लटकले होते, आणि हे कागदावर सर्वांना ठाऊक होते.

माधवीने गावाच्या अलीकडच्या मोठ्या केंद्राचे यंत्र तपासले. यंत्र ठणठणीत होते. गावाकडून येणारा प्रकाश मात्र शून्य. तिने तक्रार नोंदवली आणि रत्नागिरीच्या दुरुस्ती पथकाला झोपेतून उठवले. पथकाचा प्रमुख बाळा हा अनुभवी माणूस, पण या पट्ट्यात नवा. "पोचतो मॅडम, तासभर लागेल," तो म्हणाला.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन थरथरला. बाबा होते.

बाबा एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर. पेन्शनवाढीसाठी जंतरमंतरवर धरणे होते, त्यासाठी गावाकडच्या चौघांबरोबर ते दिल्लीला आले होते. माधवी राहायची मुलींच्या वसतिगृहात, तिथे पुरुषांना मज्जाव. म्हणून आमदारांची चिठ्ठी आणून ते कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरले होते.

"अगो, आईचा फोन लागत नाही. दादाच्या बायकोचा पण नाही. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणते ती बाई."

"बाबा, झोपला नाहीत तुम्ही?"

"झोप कसली? संध्याकाळी आई म्हणाली, सूनबाईची कंबर दुखतेय म्हणून. तारखेला अजून बारा दिवस आहेत. आणि दादा तिकडे जहाजावर."

माधवीने क्षणभर डोळे मिटले. मग तिने खरे ते सांगितले.

"म्हणजे १०८ ला पण लागणार नाही?" बाबांनी विचारले.

तिला नियम पाठ होता. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तर आणीबाणीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. पण त्या रस्त्याला सगळ्या कंपन्यांच्या केबली एकाच चरात शेजारी शेजारी झोपलेल्या होत्या. जेसीबीचा दात कंपनी बघून लागत नाही.

"नाही लागणार, बाबा," ती म्हणाली.

अडीचच्या सुमारास बाळा केंद्रावर पोचला. त्याने केबलच्या तोंडाशी तपासणीचे यंत्र लावले. त्याची रीत मोठी गमतीची असते. यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते, आणि तंतू जिथे तुटला असेल तिथून त्याचा थोडा अंश परत फिरतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून तुटीचे अंतर निघते. त्या रात्री तो ठोका सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी १४६ भागांत परत आला. म्हणजे १४.६ किलोमीटर.

"पण गाडीच्या काट्यावर १४.६ बघू नका," माधवी म्हणाली. "केबलच्या प्रत्येक जोडाशी वेटोळं करून ठेवलेलं असतं, मधल्या खड्ड्यांतही असतं. तीनएकशे मीटर वजा करा. १४.३ च्या आसपास शोधा."

तीन वाजता बाळाचा फोन आला. "मॅडम, १४.३ ला उभा आहे. दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर चाललो. गवतसुद्धा हललेलं नाही."

माधवीने नकाशा पुन्हा पाहिला. केबलची रेघ रस्त्याला चिकटून सरळ गेली होती. जरा जास्तच सरळ. कोकणातला रस्ता इतका सरळ कधीपासून झाला? या पट्ट्यात गस्त घालणारा जुना माणूस मार्चमध्ये नोकरी सोडून गेला होता, नाहीतर त्यालाच विचारले असते.

तिने बाबांना फोन लावला. बाबा खोलीत नव्हतेच, खाली येऊन सदनाच्या फाटकाशी उभे होते. मंडी हाउसच्या चौकाकडून एखादी टॅक्सी भर्रकन जाई, आणि पुन्हा रस्ता सुनसान.

"बाबा, आपल्या गावच्या अलीकडे, नाक्यापासून तेरा-चौदा किलोमीटरवर रस्ता कसा होता? चौपदरी व्हायच्या आधी?"

बाबांना आठवावे लागले नाही. सव्वीस वर्षे त्यांनी त्या रस्त्यावर गाडी हाकली होती.

"साडेतेराला उतार लागतो. तिथे जुना रस्ता डावीकडे खाली उतरून ओढ्याला वळसा घालायचा. आता वरून पूल टाकलाय, सरळ. वळसा पाऊण किलोमीटर तरी जास्त होता. दुसऱ्या गिअरशिवाय गाडी चढत नसे. का गो?"

"केबल चौपदरीकरणाच्या आधीची आहे, बाबा. ती पुलावरून गेलेली नाही. ती खाली जुन्या रस्त्यानेच आहे."

नव्या रस्त्याने मोजत गेलेला बाळा वळशाच्या पुढे निघून गेला होता. तो मागे फिरला, जुन्या वळणावर उतरला आणि पंचवीस मिनिटांत त्याचा आवाज आला. "सापडलं! मुरूम उपसलाय इथे, ताजा. केबल तुटल्यावर वरून माती लोटून पळालेत. मातीतून नारिंगी पाइपचा तुकडा वर आलाय, तोच दिसला बॅटरीत."

रात्रीचा मुरूम कोण उपसतो आणि का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

खणून दोन्ही टोके हाती येईपर्यंत साडेचार झाले. जेसीबीने केबल नुसती तोडली नव्हती, ओढली होती. टोके एकमेकांना पुरत नव्हती. मध्ये नवा तुकडा घालायचा, म्हणजे जोड एकाच्या जागी दोन. केबलमध्ये तंतू अठ्ठेचाळीस. प्रत्येक तंतू सोलायचा, पुसायचा, कापायचा, विजेच्या ठिणगीने वितळवून दुसऱ्याला चिकटवायचा, वर नळी तापवून बसवायची. असे शहाण्णव जोड. दुपार उलटणार होती.

"कुठून सुरू करू?" बाळाने विचारले. "यादीत एक ते बारा आधी लिहिलेत."

एक ते बारा हे तंतू बड्या गिऱ्हाईकांना भाड्याने दिलेले होते. ते तासाभराच्या हिशेबाने दंड लावत. गावाचे टॉवर चालत सतरा आणि अठरा क्रमांकाच्या तंतूंवर, एक जायला, एक यायला. गावाकडून दंड कुणी लावत नाही.

पाळीप्रमुख मागे येऊन उभा होता. "यादी आहे तशी चालव," तो हिंदीत म्हणाला.

"सर, बारा तंतूंना चोवीस जोड. अडीच तास. सतरा-अठराला फक्त चार जोड. तालुका चार तास मुका आहे, १०८ लागत नाही. बारांची मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्या मार्गावर आधीच वळली आहेत. त्यांचा फक्त वेग कमी झालाय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "सकाळी मला विचारतील."

"नोंदवहीत माझं नाव लिहिते."

वहिनी तिथे नसती तर तिने हेच केले असते का? तिने हेच म्हणायला हवे होते, एवढे खरे. पण ऑगस्टपासून त्या तुटलेल्या हाताकडे पाहत असताना ती एकदाही इतक्या जोराने बोलली नव्हती, हेही खरे, आणि नोंदवहीत नाव लिहिताना ते तिला टोचले.

"बाळा, दुसरी नळी घ्या. नारिंगी. त्यातला पाचवा आणि सहावा. राखाडी आणि पांढरा."

"राखाडी आणि पांढरा," बाळाने पुन्हा म्हटले. "बॅटरी इकडे धर रे..."

पाच वाजून एकवीस मिनिटांनी एक ठिपका हिरवा झाला. मग चार. मग बघता बघता सगळे. कॉलचा आलेख जमिनीवरून उठून सरळ उभा राहिला. नवा मुलगा टाळ्या वाजवायला गेला आणि माधवीचा चेहरा बघून थांबला.

कोपर्निकस मार्गावर झाडू मारणारे आले होते. बाबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले होते. हातातला फोन वाजला तेव्हा तो त्यांच्या हातून पडता पडता राहिला.

"अहो, कुठे होतात? रात्रभर फोन लावतेय!" आईच्या आवाजामागे इंजिनाची घरघर होती. "सूनबाईला दोन वाजता कळा सुरू झाल्या. फोन कुणालाच लागेना. शेजारच्या टेम्पोतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, बाळ आडवं आहे, रत्नागिरीला न्या. गाडी बोलवायला एका पोराला मोटारसायकलने पिटाळलं, फोन लागेल तिथपर्यंत. आता निघालोय. डॉक्टरांनी नर्सबाई दिल्या आहेत सोबत. रत्नागिरीला आत्ताच फोन लागला त्यांचा, तिकडे तयारी ठेवतायत."

"सूनबाई?"

"धीराची आहे. माझा हात आवळून पडलीय." आई जरा थांबली. "पूल आला बघा. अहो, खाली आपल्या जुन्या वळणावर कुणीतरी दिवा लावून खड्ड्यात बसलंय. दोघं आहेत. या वेळी काय करतायत कोण जाणे!"