मौखिकीचा पोशाख कोण ठरवतं?

पीएचडीची मौखिकी जवळ आली की आपल्याकडे विद्यार्थ्याला दोन याद्या मिळतात. एक, संभाव्य प्रश्नांची. दुसरी कोणी लिहून देत नाही, पण ती पहिलीपेक्षा कडक असते: मुलगा असेल तर सूट-टाय, मुलगी असेल तर साडी. ही दुसरी यादी कुठल्या नियमात आहे असं मी आजवर किमान दहा मार्गदर्शकांना विचारलं असेल. उत्तर एकच, ‘तशी पद्धत आहे.’

यूजीसीचे २०२२ चे पीएचडीचे नियम उघडून बघा. मौखिकी मार्गदर्शक आणि किमान एक बाहेरचा परीक्षक घेईल, ती प्राध्यापकांना आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांना खुली असेल, हे सगळं त्यात आहे. कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे जे आहे ते मार्गदर्शकाच्या आवडीवर. आणि लिहिलेला नियम निदान दाखवून त्यावर वाद घालता येतो, आवडीवर काय वाद घालणार? ज्याच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही त्याला ‘सर, मला टाय नको’ म्हणणारा विद्यार्थी मला तरी अजून भेटलेला नाही.

मी इतवारीच्या बाजूचा माणूस. कापडबाजाराच्या गल्ल्यांत लहानाचा मोठा झालो. नातलगांपैकी अर्धे मोमीनपुऱ्यात, त्यांचे आजोबा-पणजोबा मागावर बसलेले. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून हे शहर कापडाचं शहर आहे. त्याच शहरात मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, पोरं पॉलिस्टरचे कोट चढवून उत्तरं द्यायला उभी राहतात, हे मला नुसतं गमतीचं वाटत नाही, चीड येते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची मौखिकी झाली. विषय अर्थशास्त्राचा. मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, ‘साडी नेस, सिल्कची असेल तर बरं, बाहेरचे परीक्षक येतायत.’ ती घरी येऊन म्हणाली, ‘मामू, मी आयुष्यात तीनदा साडी नेसलेय आणि तिन्ही वेळा लग्नात.’ मी तिला म्हटलं, आधी त्या दिवसाचं वेळापत्रक मांड, मग कपडे ठरव. दिवस नंतर प्रत्यक्षात असा गेला. बोलावलं दहाला. परीक्षकांची गाडी उशिरा आली, म्हणून सुरुवात सव्वाबाराला. तोवर कॉरिडॉरमध्ये, पंख्याखाली. मग चाळीस मिनिटं उभं राहून सादरीकरण. पुढे सव्वादोनपर्यंत प्रश्न, त्यातले काही बसून, काही पडद्याजवळ उभं राहून. मग ‘बाहेर थांबा’, कारण आत अहवाल लिहिला जातो. तीन वाजता निकाल. पाच तासांपैकी एसीच्या खोलीत जेमतेम दोन. बाकी नागपूरचा मे.

आता हा दिवस समोर ठेवून कापडाकडे बघा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, तो अंगावरून ओघळतो आणि कपडा पाठीला चिकटतो. सुती कापड घाम शोषतं, पण ओलं राहतं. तासभर कॉरिडॉरमध्ये भिजलेला सुती शर्ट घालून तुम्ही एसीत शिरलात की पाठ गार पडते, आणि पहिल्याच प्रश्नाला आवाज कापतो. परीक्षकाला वाटतं, घाबरला. यावर उपाय भारी कापड नाही. आत एक पातळ सुती बनियन किंवा स्लिप घालायची, आणि खोलीत जाण्यापूर्वी तीच बदलायची. दुसरी पिशवीत. मौखिकीला जाताना प्रबंधाच्या चार प्रती नेता ना, मग एक बनियन जड होत नाही.

रंगाचंही तसंच. सगळ्यांना आकाशी आणि राखाडी ‘ऑफिसचा’ वाटतो. हेच दोन रंग ओले झाले की सर्वांत जास्त गडद दिसतात, बगलेतला डाग मागच्या बाकावरूनही कळतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो फार दिसत नाही. एवढी साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्याला आकाशी विकायचा असतो.

भाचीसाठी आम्ही गांधीबागेतून पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेलं सुती कापड घेतलं. ४४ इंच पन्ह्याचं, अडीच मीटर. ते शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन-चार सहज आटतं. चाळीस इंचांची कमीज दीड इंच आखूड होते, आणि बाही मनगटावरून वर सरकते. पुष्कळ जण शिवून आणतात, ‘नवीन आहे, एकदा धुऊन घेऊ’ म्हणतात, आणि मौखिकीच्या आदल्या दिवशी रडतात.

टेलर मास्टरशी माझं भांडण ट्रायलवरून झालं. तो उभं करून माप घेतो, उभं करून ट्रायल देतो. उभं राहून सगळंच बसतं. मी म्हटलं, खुर्ची आण. बसल्यावर कमरेचा घेर इंच-दीड इंच वाढतो. उभ्याने नीट बसणारी पॅन्ट दुसऱ्या तासाला पोटात रुतते, आणि ज्याच्या पोटात पट्टा रुततोय तो लांब श्वास घेऊन उत्तर देत नाही, तो उत्तर लवकर संपवतो. मग दोन्ही हात पडद्याकडे वर करून बघायचं. मुंढा तंग असेल तर हाताबरोबर सगळा कपडा वर चढतो. मुलांचा शर्ट पॅन्टमधून सुटतो, तो याच कारणाने. जुने कारागीर कुर्त्याच्या बगलेत चौकोनी तुकडा घालायचे, त्याला चौबगला म्हणतात. हात कुठेही न्या, कुर्ता जागचा हलत नाही. मास्टर म्हणाला, ‘आता कोणी घालत नाही.’ मी म्हटलं, तू घाल. आणि शिलाईत इंचभर माया ठेव.

पण खरा मुद्दा खिशाचा. सभागृहात कॉलरला लावायचा माइक देतात. त्याच्या वायरीला काड्यापेटीहून मोठी डबी असते, ती कमरेला किंवा खिशात अडकवावी लागते. पुरुषाला पट्टा आहे, खिसा आहे. साडीत डबी कुठे लावणार? परकराच्या नाडीला? मी एका मौखिकीत एका विद्यार्थिनीला ती डबी एका हातात आणि पॉइंटर दुसऱ्या हातात धरून पाऊण तास बोलताना बघितलंय. पदर सावरायला तिसरा हात नव्हता. त्याच पदरावर माइक, म्हणून दर हालचालीला खरखर. परीक्षक दोनदा म्हणाले, ‘जरा नीट बोला.’ ती नीटच बोलत होती. भाचीच्या कमीजीला उजव्या शिलाईत आठ इंच खोल खिसा शिवला आणि आतून दुहेरी कापड लावलं, डबीच्या वजनाने लोंबू नये म्हणून. शिलाईचे थोडे पैसे जास्त पडले.

ती डोक्यावर स्कार्फ घेते. यावर मार्गदर्शकांचा शब्द होता ‘कॅज्युअल वाटेल’. सिल्कची साडी, जी लग्नात नेसतात, ती फॉर्मल, आणि रोज वर्गात शिकवताना जे डोक्यावर असतं ते कॅज्युअल! असो. व्यवहाराचं बोलू. जॉर्जेट घसरतं, दर दहा मिनिटांनी हात डोक्याकडे जातो, आणि समोरच्याला तो घाबरल्याचा हात वाटतो. मलमलीचा स्कार्फ बसल्या जागी राहतो, घाम टिपतो आणि कानावर पातळ असल्याने ऐकू स्वच्छ येतं. हे महत्त्वाचं, कारण हल्ली एखादा परीक्षक ऑनलाइन असतो आणि स्पीकर नेहमीच खराब. माइक स्कार्फच्या आत लावायचा नाही, आवाज घुसमटतो. छातीच्या मध्यावर, टोकं दोन्ही बाजूंना पिनने अडकवून, उघड्या पट्टीवर लावायचा.

मला माहीत आहे, यावर काही मित्र काय म्हणतील. हे नागपूर आहे. इथे बाबासाहेबांचा सूट घराघरांत भिंतीवर आहे. ज्या पोरांच्या आजोबाला अंगभर कपड्याचीही मुभा नव्हती, त्याने सूट घालून डॉक्टर होणं ही साधी हौस नाही. या युक्तिवादापुढे मी मान तुकवतो. त्या पोराने सूट जरूर घालावा. फक्त तो त्याने निवडलेला असावा, मार्गदर्शकाने लादलेला नको. आणि निवडलाच तर टेरीवूल टाळावं. पातळ लोकरीचं कापड, पाठीला अस्तर अर्धंच, आणि कॉरिडॉरमध्ये कोट हँगरवर. हौस आणि घामोळं एकत्र असायला हवं असं नाही.

दुसरे म्हणतील, ऑक्सफर्डमध्ये मौखिकीला अजूनही ठरलेला काळा पोशाख लागतो, हॉलंडमध्ये पुरुष उमेदवार टेलकोटात उभे राहतात. खरं आहे. पण तिथे तो लिहिलेला किंवा सर्वांना ठाऊक असलेला प्रघात आहे, सर्वांना सारखा आहे. हॉलंडमध्ये तर प्रश्नोत्तरांची वेळ बांधलेली, साधारण तासाभराची. वेळ संपली की शिपाई दंड घेऊन येतो, लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’ म्हणतो, आणि उमेदवार वाक्याच्या मध्यात असला तरी सुटतो. आपण टेलकोट उचलायचा आणि शिपाई विसरायचा, ही कसली नक्कल? शिवाय हवामानही उचलून आणता येत नाही.

आणि औपचारिकपणाच हवा असेल तर तो इथे आहे. २०१९ साली यूजीसीनेच विद्यापीठांना पदवीदान समारंभात हातमागाच्या कापडाचे पोशाख वापरा म्हणून कळवलं होतं. पदवी घेताना हातमाग चालतो, मग पदवी मिळवताना का चालू नये? विदर्भातल्या कोष्टी-मोमीन विणकरांचं सुती कापड, नीट बेतलेला बंद गळ्याचा कुर्ता, हलकी कांजी, कडक इस्त्री. यात कमी काय आहे? सुतीला एक खोड आहे, ती लपवत नाही. स्कूटीवरून वीस मिनिटं गेलात की मांडीवर सुरकुत्या पडतात. म्हणून पॅन्ट किंवा सलवार टेरिकॉटची चालेल, वरचा कपडा सुती. मांडी कोणी बघत नाही, आणि घाम मुख्यतः पाठीला, बगलेत येतो.

भाचीला परीक्षकांनी शेवटी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक तिसऱ्या प्रकरणातल्या नमुना निवडीबद्दल, दुसरी संदर्भसूचीतल्या सालांबद्दल. कपड्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. मार्गदर्शकही नाही. त्यांच्या पुढच्या विद्यार्थिनीची मौखिकी दिवाळीनंतर आहे. तिलाही साडी सांगितली आहे असं कळलं. तिने भाचीकडून टेलरचा पत्ता घेतलाय.